नकाराचं पत्र

बी.एड. झाल्यावर, 2005 सालच्या उन्हाळ्यात, मी एका शाळेत तीन वेळा मुलाखतीला गेलो होतो. पहिल्यांदा कागदपत्रं आणि विषय, दुसऱ्यांदा वर्गावर डेमो, तिसऱ्यांदा संस्थेच्या मंडळींसमोर. तिसऱ्या वेळी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कळवू." आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्यांचा नंबर दिला होता. दीड महिना शेजारची बेल वाजली की अम्मी दारात जाऊन उभी राहायची. त्याच दरम्यान दुसऱ्या गावच्या शाळेने बोलावलं. पगार कमी होता, पण नोकरी होती. "इथलं काय ते कळू दे" म्हणून मी त्यांना थांबवून धरलं, आणि शेवटी तीही जागा गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ओळखीचा एक मुलगा सहज म्हणाला, "सर, मराठीला नवीन टीचर आलेत." तेव्हा मला कळलं.

नाकारलं याचा राग वर्षभरात गेला. न कळवल्यामुळे जे वर्ष वाया गेलं त्याचा मात्र आजही येतो.

हे आता आठवायचं कारण, दोन वर्षांपूर्वी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिक्षकाची एक जागा भरायची होती. निवड करणारे तिघे : मुख्याध्यापिका मॅडम, संस्थेचे सेक्रेटरी साहेब आणि विषयशिक्षक म्हणून मी. पद्धत तीच, तीन फेऱ्यांची. विषयाच्या मुलाखतीला 20 मार्क, डेमोला 50 आणि शेवटच्या मुलाखतीला 30, म्हणजे आम्हा तिघांच्या हातात प्रत्येकी दहा. शेवटी दोघं उरले. एक सर आणि एक बाई. बाई चाळीस किलोमीटरवरून एस.टी.ने यायच्या. सरांना 81 मिळाले, बाईंना 77. जागा सरांना द्यायची ठरली आणि मॅडम मला म्हणाल्या, "बाईंना ई-मेल तुम्हीच लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे."

सेक्रेटरी साहेबांचं म्हणणं होतं की लिहायचंच कशाला? न कळवणं हेच कळवणं असतं. फार तर ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये एक नमुना आहे, तो पाठवा. मी तो उघडून पाहिला. "आपणांस कळविण्यात येते की, सदर पदासाठी आपली निवड होऊ शकली नाही. आपल्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा." एवढंच.

हे पत्र अर्ज टाकलेल्या चाळीस जणांना चालतं. त्यांनी एक पाकीट पाठवलं, आपण दोन ओळी पाठवल्या, हिशोब बरोबर. पण जो माणूस तीन वेळा रजा काढून, भाडं खर्चून आला, वर्गात उभा राहिला, घरी "बहुतेक होईल" म्हणून सांगून बसला, त्याला याच दोन ओळी पाठवल्या तर तो त्या दहादा वाचतो आणि दहा अर्थ काढतो. "होऊ शकली नाही" म्हणजे काय? पाऊस आला म्हणून मॅच होऊ शकली नाही, तसं? निवड आपोआप होत नाही किंवा राहत नाही. ती कोणीतरी करतं. म्हणून मी पहिलं वाक्य बदललं : "आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे." वाचायला कठोर आहे, पण त्यात निर्णय कोणाचा ते कळतं, आणि आता वाट पाहायची नाही हेही कळतं.

हे वाक्य कुठे ठेवायचं यावरही मी अडखळलो. पहिल्या खर्ड्यात मी आधी एक मोठा परिच्छेद कौतुकाचा लिहिला होता. तुमचं वाचन दांडगं आहे, वर्गावर पकड आहे, बोलणं गोड आहे. तो बायकोला वाचून दाखवला. ती ऐकता ऐकता म्हणाली, "पण कधी येणार ते सांगा." अगदी खरं. असं कौतुक वाचणारा त्यातला एकही शब्द ऐकत नाही, तो फक्त "पण" शोधत असतो. आणि "पण" सापडल्यावर आधीचं सगळं खोटं वाटायला लागतं. निर्णय पहिल्या ओळीत सांगून टाकला की त्यानंतरचं चांगलं वाक्य मात्र खरं म्हणून वाचलं जातं.

खरी अडचण कारणापाशी आली. "तुमची निवड केली नाही, कारण" एवढं टाइप करून मी थांबलो. काय कारण? शेवटच्या मुलाखतीत सेक्रेटरी साहेबांनी बाईंना विचारलं होतं, "मूल लहान आहे, रोज एवढ्या लांबून जमेल का?" बाई म्हणाल्या होत्या, जमेल, सासू घरी असते. त्यांनी बाईंना दहापैकी पाच दिले होते. सरांना आठ. सरांचं मूलही दोन वर्षांचं आहे. त्यांना कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि बाईंना विचारलं जात असताना मी अडवलंही नाही. चहाच्या कपाकडे बघत बसलो.

आता हे कारण पत्रात लिहिता येईल का? "आपलं मूल लहान असल्यामुळे." लिहायला हात धजेना. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की जे कारण उमेदवाराला तोंडावर लिहून देता येत नाही, ते निर्णयातही धरायला नको होतं. पत्र नंतर लिहायचं असतं, पण ते आधी लिहून पाहिलं असतं तर तो प्रश्न मुलाखतीतच खटकला असता.

मी कागद घेऊन मॅडमकडे गेलो. म्हटलं, सेक्रेटरी साहेबांचे तिसऱ्या फेरीतले मार्क दोघांच्याही बेरजेतून काढून पाहू. काढले. सर 73, बाई 72. एका मार्काचा फरक. मॅडम बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग आम्ही डेमोचे कागद पुन्हा वाचले. सरांना तिथे 43 होते, बाईंना 36. ही जागाच मुळात वर्गात मराठी बोलती करण्यासाठी होती आणि डेमोला निम्मं वजन आम्ही जाहिरातीच्या आधीच ठरवलं होतं. त्यामुळे निर्णय बदलला नाही. सेक्रेटरी साहेबांना मॅडमनी हे आकडे दाखवले. ते थोडे नाराज झाले, पण हरकत घेतली नाही. मला मात्र तेव्हापासून तो एक मार्क टोचतो, हे लपवत नाही. पण निदान पत्रात लिहिण्याजोगं खरं कारण हातात आलं.

ते कारण कसं लिहायचं, हे मला बी.एड.च्या सराव पाठांनी शिकवलं होतं. माझ्या पाठ टाचणावर एक निरीक्षक नेहमी "अध्यापन परिणामकारक हवे" असा शेरा मारायचे. सहा पाठ झाले तरी मला कळलं नाही की नेमकं काय करायचं. दुसऱ्या एक मॅडम लिहायच्या, "फळ्याकडे तोंड करून तीन मिनिटे बोललात." दुसऱ्याच दिवशी मी वळून बोलायला लागलो. उपयोगी शेरा म्हणजे समोर घडलेली गोष्ट, जी पुढच्या वेळी वेगळी करता येते. "आत्मविश्वास वाढवा," "अनुभव कमी पडला," "आमच्या वातावरणात बसणार नाही" हे शेरे माणसावर असतात. त्यांचं तो काय करणार?

बाईंचा डेमो सहावीच्या वर्गावर होता. विषय नपुंसकलिंग. आमच्या मुलांसाठी हा डोंगर असतो, कारण उर्दूत दोनच लिंगं. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल म्हणतं "पुस्तक चांगली आहे." घर पुल्लिंगी, म्हणून "घर मोठा आहे." बाईंनी हे ओळखलं होतं आणि फार सुंदर समजावलं. पण समजावतच राहिल्या. माझ्या निरीक्षणाच्या कागदावर खुणा होत्या. पस्तीस मिनिटांत त्यांनी सात वेळा "समजलं का?" विचारलं, वर्ग सातही वेळा "हो" म्हणाला, आणि मुलांच्या तोंडून पूर्ण मराठी वाक्य चारच वेळा आलं. शेवटी फळ्यावर बोलावलेल्या मुलीने लिहिलं, "माझी पुस्तक नवी आहे." हे सगळं कागदावर होतं, तारखेसह. म्हणून लिहिता आलं. नुसत्या आठवणीवर लिहिलं असतं तर ते मत झालं असतं, आणि मतावर वाद होतो.

तीन फेऱ्यांत माझ्याकडे बाईंबद्दल आणखी पाच-सहा नोंदी होत्या. अक्षर तिरकं जातं, वेळेचं भान सुटतं, असं काही. त्या मी वगळल्या. नकाराच्या पत्रात सुधारणांची यादी दिली की ते पत्र न राहता प्रगतिपुस्तक होतं. ज्यावर निर्णय झाला ती एकच गोष्ट, आणि तिच्यावर करून पाहण्याजोगा एकच उपाय. निवडलेल्या सरांचं नाव, त्यांचे मार्क, त्यांनी डेमोत काय केलं, यातलंही काही लिहिलं नाही. तुलना वाचून कोणी शिकत नाही, फक्त दुसऱ्याचे दोष शोधतो.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं :

विषय : मराठी शिक्षक पदाच्या निवडीचा निर्णय

…मॅडम, नमस्कार.

मराठी शिक्षक पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. त्यांनी पद स्वीकारल्याचे लेखी कळवले आहे, त्यामुळे हा निर्णय अंतिम आहे.

तुम्ही तीन वेळा लांबून आलात आणि शेवटच्या दोघांपर्यंत पोचलात. विषयाच्या मुलाखतीत तुम्ही सर्व उमेदवारांत पुढे होतात. उर्दू बोलणारी मुले मराठीत लिंगाच्या चुका का करतात, हे इतके नेमके दुसऱ्या कोणी सांगितले नाही.

निर्णय मुख्यतः डेमोवर झाला. तुमचे समजावणे स्पष्ट होते, पण 35 मिनिटांत मुलांनी स्वतः पूर्ण मराठी वाक्य चार वेळाच म्हटले. "समजलं का?" याला वर्गाने प्रत्येक वेळी "हो" म्हटले, तरी शेवटी फळ्यावर "माझी पुस्तक" असे लिहिले गेले. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. म्हणून मुलांना बोलते करण्याला आम्ही या पदासाठी सर्वांत जास्त वजन दिले होते.

पुढच्या डेमोत एक करून पाहावे असे सुचवतो. "समजलं का?" हा प्रश्न जिथे येईल तिथे त्याऐवजी दोन मुलांना एकेक वस्तू दाखवून तिच्याबद्दल वाक्य म्हणायला सांगावे. नियम चुकला तर तिथेच दिसतो आणि मुलांची वाक्येही वाढतात.

यंदा शाळेत मराठीची दुसरी जागा नाही आणि आम्ही प्रतीक्षायादी ठेवलेली नाही. पुढे जागा निघाली आणि तुम्ही अर्ज केलात तर विषयाची मुलाखत पुन्हा घेणार नाही. जागा निघेलच असे मात्र सांगू शकत नाही, त्यामुळे दुसरीकडून बोलावणे आले तर आमच्यासाठी थांबू नये.

डेमोबद्दल काही विचारायचे असल्यास या आठवड्यात दुपारी चारनंतर मला फोन करू शकता.

खाली माझं नाव आणि नंबर.

यातल्या "त्यांनी पद स्वीकारल्याचे लेखी कळवले आहे" या वाक्यामागे एक छोटी गोष्ट आहे. आम्ही बाईंना 10 मेपर्यंत कळवू म्हणालो होतो. सरांनी विचार करायला दोन दिवस मागितले आणि 10 तारीख उलटायला आली. अशा वेळी सगळेच गप्प बसतात, कारण पहिला नाही म्हणाला तर दुसरा लागणार असतो. गप्प बसणं सोपं आहे, पण समोरचा तारखेच्या दिवशी सकाळपासून फोन उघडून बघत असतो. मी 10 तारखेला दोन ओळी पाठवल्या : निर्णय अजून पक्का झालेला नाही, 13 तारखेला नक्की कळवतो. त्यात आशाही दिली नाही आणि खोटंही बोललो नाही. 13 ला सकाळी सरांची सही आली आणि दुपारी तीनला पत्र गेलं. मुद्दाम दुपारी. रात्री अकराला असं पत्र गेलं तर माणूस ते उशाशी घेऊन झोपतो, आणि फोन कोणाला करणार?

शेवटचं वाक्य, "आमच्यासाठी थांबू नये," मॅडमना जरा तोडून टाकल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, "सध्या तरी जागा नाही असं लिहू या, वाईट वाटणार नाही." मी त्यांना 2005 चा उन्हाळा सांगितला. "सध्या तरी" हे दोन शब्द लिहिणाऱ्याला मऊ वाटतात, पण वाचणारा त्यांच्यावर एक वर्ष काढू शकतो. मॅडमनी माझं वाक्य राहू दिलं.

सेक्रेटरी साहेबांची एक हरकत मात्र योग्य होती. ते म्हणाले, कारण लिहून दिलं की उद्या भांडायला येतील. भीती खोटी नाही. म्हणूनच कागदावर नोंद नाही असं एकही वाक्य पत्रात नको. आणि नोंद असूनही कोणी भांडायला आलंच, तर नोंद दाखवता येते. ज्या निर्णयाची नोंदच नाही, त्याचं कारण कोणत्याही भाषेत लिहिलं तरी धोका आहेच. तिथे गप्प बसून धोका टळत नाही, फक्त दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. आधी पत्राबद्दल आभार मानले. मग थांबून म्हणाल्या, "सर, एक विचारू? मूल लहान आहे म्हणून तर नाही ना?"

पत्र कितीही नीट लिहिलं तरी मुलाखतीत विचारलेला प्रश्न त्यातून पुसला जात नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "तो प्रश्न विचारायला नको होता. विचारला तेव्हा मी बोललो नाही, ती माझी चूक. त्या फेरीतले ते मार्क बाजूला काढूनही आम्ही हिशोब पाहिला. निर्णय डेमोवरच राहिला." एका मार्काचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, यावर माझं अजून ठरत नाही. त्या मार्काचं त्या काय करणार होत्या, असं स्वतःला विचारतो. पण त्याच वेळी असंही वाटतं की हे ठरवणारा मी कोण?

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठीक आहे." आणि नंतर शिक्षकासारखा प्रश्न विचारला, "साठ मुलांच्या वर्गात दोन-दोन मुलांना उभं करून पाठ पुरा कसा होतो?" त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. जोड्या लावून बोलायला लावायचं, एका ओळीने दुसऱ्या ओळीची वाक्यं तपासायची, असं काय काय. त्यांनी त्यातल्या अर्ध्या गोष्टींवर शंका काढल्या, आणि त्या शंका बरोबर होत्या.

या वर्षी आमच्याकडे उर्दूची जागा भरायची होती. मॅडमनी तिसऱ्या फेरीच्या मार्कांच्या कागदावर, तक्त्याच्या वर, एक ओळ छापून घेतली : "उमेदवाराला पत्रात लिहून देता येणार नाही असे कारण येथे धरू नये." सेक्रेटरी साहेबांनी कागद हातात घेतला, ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुढचा उमेदवार आत बोलावला. त्या दिवशी मुलाबाळांबद्दल कोणालाच काही विचारलं गेलं नाही.